इन्स्टंट कॉफी का सादळते आणि उघडलेली बरणी किती दिवस टिकते

गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या पट्ट्यातील स्वयंपाकघरांत इन्स्टंट कॉफीच्या बरणीत गुठळ्या होण्याचा काळ हा हवामान विभागाने मुंबईसाठी ठरवलेल्या मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखांशी, म्हणजे 11 जूनचे आगमन आणि 8 ऑक्टोबरची माघार यांच्याशी, जवळपास जुळणारा असतो. या काळात कुलाबा वेधशाळेत नोंदवली जाणारी सकाळची सापेक्ष आर्द्रता बहुधा 80 ते 90 टक्क्यांच्या घरात असते. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते तिच्या तुलनेत प्रत्यक्ष हवेत असलेल्या वाफेचे टक्क्यांतील प्रमाण. इन्स्टंट कॉफीला यापेक्षा बरीच कोरडी हवा लागते आणि तेवढी कोरडी हवा मुंबईच्या किनाऱ्याला हिवाळ्यातही क्वचितच लाभते. म्हणूनच नागपुरात एप्रिल-मेच्या दुपारी उघडी राहिलेली बरणी फारसे नुकसान न होता निभावून जाते, पण लालबागमध्ये तीच चूक डिसेंबरातही महागात पडू शकते. फरक इतकाच की डिसेंबरात ती अंगलट यायला थोडा जास्त वेळ लागतो.

कॉफी सादळते म्हणजे नेमके काय होते, हे समजल्यावर उपाय निवडणे सोपे जाते. इन्स्टंट कॉफी ही दळलेली बी नसून, भाजलेल्या व दळलेल्या कॉफीचा पाण्यात उतरवलेला दाट अर्क सुकवून मिळालेली पूड आहे. अर्काचा बारीक फवारा गरम हवेत सोडून तो सुकवला तर हलकी पूड मिळते, आणि पुढे ती किंचित ओलावून तिचे एकत्र चिकटलेले दाणे केले जातात. अर्क आधी गोठवून निर्वात जागेत त्यातील बर्फ सरळ वाफेच्या रूपाने काढून टाकला तर खडबडीत, टोकदार दाणे मिळतात. दोन्ही पद्धतींत पाणी अशा रीतीने काढून घेतले जाते की अर्कातील शर्करा, कर्बोदके आणि इतर विद्राव्य घटकांना शिस्तीत मांडणी होऊन स्फटिक बनायला अवसर मिळत नाही. ती घट्ट दिसत असली, तरी आतून काचेसारख्या, विस्कळीत अवस्थेत गोठलेली असतात. अशा पदार्थात पाण्याचा अंश वाढला की काचेची अवस्था सुटून तो रबरासारखा मऊ व चिकट होतो. ही अवस्था ज्या तापमानाला बदलते त्याला काच-संक्रमण तापमान म्हणतात आणि ओलावा वाढेल तसे ते तापमान खाली येत जाते. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या चिक्कीचा कुरकुरीतपणा जाऊन ती बोटांना चिकटू लागते, तीही याच कारणाने.

कारखान्यातून निघालेल्या इन्स्टंट कॉफीत पाण्याचा अंश साधारणपणे 3 ते 4 टक्के असतो आणि तेवढ्या ओलाव्यावर तिचे काच-संक्रमण तापमान मुंबईच्या खोलीच्या तापमानापेक्षा बरेच वर राहते, त्यामुळे दाणे मोकळे राहतात. ओलावा 7 टक्क्यांच्या आसपास पोचला की ते तापमान उतरून खोलीच्या तापमानाजवळ येते, दाण्यांचे पृष्ठभाग चिकट होतात, एकमेकांना टेकलेल्या दाण्यांमध्ये बारीक पूल तयार होतात आणि पुढे थोडी कोरडी हवा मिळाली की तेच पूल कडक होऊन गुठळी दगडासारखी बनते. म्हणजे मोकळी पूड आणि ढेकूळ यांच्यात जेमतेम चार टक्के पाण्याचे अंतर आहे. ज्या कॉफीत चिकोरी मिसळलेली असते तिच्या बाबतीत हे अंतर आणखी कमी भरते, कारण चिकोरीच्या भाजलेल्या मुळातून फळशर्करेसारखे ओलावा ओढून घेणारे घटक मोठ्या प्रमाणात उतरतात. भारतीय अन्न नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के असावी लागते आणि दोहोंचे प्रमाण वेष्टनावर छापावे लागते. तेव्हा 70-30 किंवा त्याहून अधिक चिकोरीचे मिश्रण घरात येत असेल, तर त्याच्या बाबतीत निव्वळ कॉफीपेक्षा जास्त काटेकोर राहावे. गोठवून सुकवलेल्या कॉफीचे मोठे दाणे एकमेकांना कमी ठिकाणी टेकतात म्हणून ते जरा उशिरा चिकटतात, पण त्यासाठी दुप्पट किंमत मोजण्याइतका हा फायदा मोठा नाही.

पाणी येते कुठून, हा या विषयातला कळीचा प्रश्न आहे आणि त्याचे प्रचलित उत्तर बहुतेक वेळा चुकीचे असते. झाकण उघडले की दमट हवा आत शिरते आणि त्यामुळे कॉफी बिघडते, असे सर्रास समजले जाते. थोडा हिशेब केला तर या हवेचा वाटा किती किरकोळ आहे ते दिसते. लालबागमधील एखाद्या चाळीच्या खोलीत जुलै महिन्यात 50 ग्रॅमची काचेची बरणी अर्धी संपली आहे, असे धरून चालू. बरणीत 25 ग्रॅम कॉफी उरली आहे आणि तिच्या वर सव्वाशे मिलिलिटर रिकामी जागा आहे. 30 अंश सेल्सिअसला पूर्ण संपृक्त हवेच्या एका घनमीटरात सुमारे 30 ग्रॅम वाफ मावते, म्हणून 85 टक्के आर्द्रतेला ती सुमारे 26 ग्रॅम भरते, आणि त्या हिशेबाने सव्वाशे मिलिलिटर हवेत जेमतेम 3 मिलिग्रॅम पाणी असते. उरलेल्या 25 ग्रॅम कॉफीचा ओलावा 3 वरून 7 टक्क्यांवर जाण्यासाठी साधारण 1 ग्रॅम, म्हणजे 1000 मिलिग्रॅम पाणी लागेल. प्रत्येक वेळी बरणीतील सगळी हवा बदलली आणि तिच्यातील सगळी वाफ कॉफीने शोषली असे धरले, तरीही झाकण तीनशेहून अधिक वेळा उघडावे लागेल. दिवसाला दोन कप करणाऱ्या घरात एवढी कॉफी आठवडाभरही पुरत नाही.

याच्या शेजारी ओल्या चमच्याचा हिशेब मांडून पाहावा. पाण्याचा एक थेंब सुमारे 50 मिलिग्रॅमचा असतो, म्हणजे एका थेंबात झाकण सोळा वेळा उघडण्याइतके पाणी असते. कपात ढवळलेला चमचा नुसता झटकून पुन्हा बरणीत घातला, तर त्याच्या वाटीला आणि दांड्याला चिकटलेले द्रव एक-दोन थेंबांइतके सहज भरते. पाहुणे आल्यावर चार कप करताना तोच चमचा चारदा आत-बाहेर झाला, तर महिनाभराच्या झाकण-उघडीपेक्षा जास्त पाणी पाच मिनिटांत बरणीत जाते. शिवाय हे पाणी सगळ्या कॉफीत समान पसरत नाही. जिथे थेंब पडतो तिथले दाणे विरघळून काळी, चमकदार गोळी तयार होते आणि तिच्याभोवती चिकट दाण्यांचे कवच जमते. बरणीत वरचा थर मोकळा, पण मध्येच अशा एकेकट्या गोळ्या सापडत असतील, तर हवेला दोष न देता चमच्याकडे पाहावे.

दुसरा वाटेकरी म्हणजे वाफ. उकळते दूध किंवा पाणी ओतलेल्या कपावर बरणी तिरकी धरून कॉफी थेट ओतण्याची सवय अनेक घरांत असते. 60 अंशांच्या संपृक्त हवेत घनमीटरमागे सुमारे 130 ग्रॅम वाफ असते, म्हणजे पावसाळ्यातील खोलीच्या हवेच्या पाचपट. ही वाफ बरणीच्या थंड तोंडाशी आणि दाण्यांवर आदळताच तिचे बारीक दव होते. बरणीच्या तोंडाच्या आतल्या कडेला तपकिरी, चिकट कडे दिसू लागले, तर तो वाफेचा पुरावा समजावा. हे कडे पुढे झाकण नीट बसू देत नाही आणि त्यातून तिसरी अडचण उभी राहते.

तिसरा वाटेकरी अर्थातच उघडे किंवा अर्धवट बसलेले झाकण. क्षणभराच्या उघडण्याने येणारी वाफ किरकोळ असली, तरी तास-दोन तास किंवा रात्रभर उघडी राहिलेली बरणी ही वेगळी गोष्ट आहे, कारण तेव्हा वाफेचा ओघ अखंड चालू राहतो. बरणीच्या तोंडाचा आकार आणि कॉफीची खोली लक्षात घेता, पावसाळ्यातील एका रात्रीत ढोबळमानाने अर्धा ते एक ग्रॅम पाणी आत जाऊ शकते, आणि ते बव्हंशी वरच्या थरातच अडकते. सकाळी वर साय धरल्यासारखा गडद, सलग पापुद्रा दिसतो, तर खाली पूड कोरडी असते. हा पापुद्रा खाली दाबून किंवा ढवळून कोरड्या कॉफीत मिसळणे ही मोठी चूक ठरते, कारण त्यामुळे वरच्या थरातले पाणी सगळ्या बरणीला वाटले जाते. तो कोरड्या चमच्याने अलगद उचलून बाजूला घ्यावा आणि त्याच दिवशी वापरून टाकावा.

एवढ्यावरून रोजच्या वापराची पद्धत आपोआप ठरते. आधी कोरडा कप, त्यात कोरड्या चमच्याने कॉफी, मग लगेच झाकण, आणि बरणी ओट्यावरून दूर गेल्यावरच कपात पाणी किंवा दूध, असा क्रम ठेवावा. ढवळायला दुसरा चमचा घ्यावा. कॉफीचा चमचा बरणीत खुपसून ठेवण्याऐवजी मोरीपासून दूर, कोरड्या पेल्यात वेगळा ठेवावा. बरणीत ठेवलेला चमचा हाताच्या घामाचा ओलावा आत नेतो आणि दांडा लांब असेल तर झाकण पूर्ण बसूही देत नाही. झाकण लावण्यापूर्वी कडेवर पूड सांडली आहे का ते पाहून ती कोरड्या सुती फडक्याने पुसावी, कारण काचेची कड आणि झाकणातील अस्तर यांच्यात चार दाणे अडकले तरी हवेला वाट मिळते, आणि तेच दाणे ओलावून चिकटले की ती वाट कायमची होते. नवीन बरणीच्या तोंडावरचे चंदेरी पातळ आवरण मध्ये भोक पाडून ठेवू नये. ते कडेपर्यंत पूर्ण काढावे, म्हणजे त्याच्या फाटक्या काठांवर पूड साचत नाही आणि झाकण सपाट बसते. आवरण अर्धे ठेवल्याने कॉफी जास्त टिकते हा समज निराधार आहे.

बरणीची जागा हा या पट्ट्यातील घरांत खरा अडचणीचा भाग आहे. गिरगावातील जुन्या वाड्यांत किंवा परळ-लालबागच्या चाळींत एकाच खोलीत एका कोपऱ्यात मोरी, तिच्या शेजारी गॅसचा ओटा आणि पहाटे ठरावीक वेळी येणारे पाणी साठवण्यासाठी पिंप व हंडे, अशी रचना आजही आढळते. तिथे ओट्याजवळची हवा वेधशाळेच्या आकड्यापेक्षाही जास्त दमट असते. गॅसच्या वरची फळी सोयीची वाटली तरी ती सर्वांत वाईट जागा होय, कारण तिथे भाताच्या कुकरची वाफ आणि शेगडीची धग एकाच वेळी पोचतात. उष्णतेने बरणीतील हवा प्रसरण पावून झाकणातून बाहेर पडते आणि गॅस बंद झाल्यावर बरणी निवताना बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. पावसाच्या माऱ्याची, ओल धरणारी बाहेरची भिंतही टाळावी. खोलीच्या दर्शनी भागातील, आतल्या भिंतीला लागून असलेले लाकडी फडताळ किंवा कपाट, जिथे सुट्टे कपडे वा कागदपत्रे ओलावत नाहीत, तीच जागा कॉफीलाही चालते.

शीतकपाट या कामासाठी निरुपयोगी आहे, किंबहुना घातक आहे. 29 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील वाफेचे पाणी होऊ लागते तो बिंदू, सुमारे 26 अंशांवर येतो. साहजिकच 5 अंशांवरून बाहेर काढलेल्या बरणीवर बाहेरून दव जमते आणि झाकण उघडताच थंड दाण्यांवरही तेच घडते. आतली हवा कोरडी असते हे खरे, पण बरणी रोज बाहेर येत असल्याने त्या कोरडेपणाचा लाभ मिळत नाही. वातानुकूलित खोलीत 24 अंशांवर ठेवलेली बरणी स्वयंपाकघरात आणून ताबडतोब उघडली, तर सौम्य प्रमाणात हाच प्रकार होतो. न उघडलेली जास्तीची बरणी थंड जागी ठेवायला हरकत नाही, पण ती बाहेर काढल्यावर निदान तीन-चार तास तशीच राहू द्यावी आणि बाहेरचे दव सुकल्यानंतरच सील फोडावे.

तांदळाचे दाणे घालण्याचा उपाय मिठाच्या भांड्यावरून कॉफीकडे आला असावा, आणि मिठाच्या बाबतीत तो बरोबरही आहे. मीठ 75 टक्क्यांच्या वर आर्द्रता गेल्याशिवाय पाझरत नाही, तर घरातल्या सामान्य तांदळात 12-13 टक्के पाणी असते आणि तो सभोवतालची आर्द्रता साधारण 60 ते 65 टक्क्यांवर राखतो. म्हणून मिठाला तो कोरडा सोबती ठरतो. कॉफीची मर्यादा मात्र 40 टक्क्यांच्या आसपास आहे. तेव्हा डब्यातून काढलेला तांदूळ कॉफीच्या बरणीत घालणे म्हणजे तिच्यात थोडे पाणीच घालणे, आणि तांदूळ स्वतःकडचे पाणी हळूहळू कॉफीला देत राहतो. तांदूळ मंद आचेवर भाजून, पूर्ण निववून, पातळ सुती पुरचुंडीत बांधून ठेवला तर थोडा उपयोग होतो, तरी दर दोन-तीन दिवसांनी तो पुन्हा भाजावा लागतो. एवढी उठाठेव करण्यापेक्षा चमचा पुसणे सोपे.

सिलिका जेल हा शोषक त्या मानाने भरवशाचा आहे. वाळूच्याच घटकापासून केलेले हे सच्छिद्र मणी वाफ धरून ठेवतात आणि कोरड्या बरणीतील कमी आर्द्रतेलाही आपल्या वजनाच्या साधारण 15 टक्के पाणी घेतात, म्हणजे 5 ग्रॅमची पुडी पाऊण ग्रॅम पाणी शोषते. हे प्रमाण पंधरा थेंबांइतके असल्याने नीट वापरल्या जाणाऱ्या छोट्या बरणीला ती पावसाळ्यातही दोन-तीन आठवडे पुरते, पण तीच पुडी उघड्या बरणीत एका रात्रीत भरून जाते. पुडी अन्नपदार्थांसाठी म्हणून विकली जाणारी, न फाटणाऱ्या वेष्टनातली असावी; प्रिन्सेस स्ट्रीटवरील रसायने व प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानांत किंवा ऑनलाइन विचारताना एवढी अट आवर्जून सांगावी. बुटांच्या खोक्यातली किंवा बॅगेतली पुडी वापरू नये. ओलावा भरल्यावर रंग बदलणाऱ्या मण्यांपैकी निळे मणी कोबाल्टच्या क्षाराने रंगवलेले असतात आणि तो क्षार विषारी असल्याने असे मणी अन्नाजवळ आणू नयेत. पुडी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली तर चमच्याने फुटत नाही. संतृप्त झालेली पुडी वेष्टन उष्णता सहन करणारे असेल तरच भट्टीत 110 ते 120 अंशांवर तास-दोन तास तापवून पुन्हा वापरता येते, नाहीतर टाकून द्यावी.

मोठी बरणी स्वस्त पडते म्हणून घेणाऱ्यांनी तिचे दोन भाग करावेत. 200 ग्रॅमच्या बरणीतील 40-50 ग्रॅम कॉफी एका छोट्या, घट्ट फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बरणीत रोजच्या वापरासाठी काढावी आणि मूळ बरणी घट्ट बंद करून फडताळात ठेवावी, म्हणजे ती दहा-बारा दिवसांतून एकदाच उघडली जाते आणि रोजच्या बरणीत कोणी ओला चमचा घातला, तरी नुकसान त्या 50 ग्रॅमपुरतेच राहते. इथे घात होतो तो धुतलेल्या बरणीमुळे. पावसाळ्यात धुतलेली काच कोरडी दिसली तरी तळाच्या आणि फिरकीच्या कोपऱ्यांत पाणी उरते, त्यामुळे ती ऊन नसल्यास गरम तव्यापासून थोड्या अंतरावर उलटी धरून तापवावी, झाकणातील अस्तर वेगळे सुकवावे आणि बरणी पूर्ण निवल्यावरच भरावी, नाहीतर कोमट काचेवर पूड चिकटते. दाबून बसवायच्या झाकणाचा स्टीलचा डबा मसाल्याला ठीक असला तरी कॉफीला पुरेसा हवाबंद नसतो. चंदेरी अस्तराच्या पुन्हा भरायच्या पाकिटातून कॉफी आणली असेल, तर पाकीट कापल्याबरोबर ती सगळी बरणीत ओतावी. रबर लावून ठेवलेले पाकीट बंद आहे असे फक्त वाटते.

टिकण्याच्या मुदतीचा प्रश्न येतो तेव्हा आधी एक गोष्ट वेगळी करावी लागते. वेष्टनावर छापलेली तारीख न उघडलेल्या मालाला लागू असते. सील फोडल्यानंतर दोन घड्याळे एकाच वेळी चालू होतात, एक ओलाव्याचे आणि दुसरे स्वादाचे. प्राणवायूच्या संपर्काने सुगंधी घटक उडून जातात किंवा बदलतात आणि ओलावा वाढला की हा बदलही वेगाने होतो. त्यामुळे नीट बंद आणि कोरडी ठेवलेली कॉफी पावसाळ्यात सुमारे सहा आठवडे आणि थंडीच्या महिन्यांत तीन-चार महिने चांगल्या स्वादाची राहते, असा व्यवहारी अंदाज धरावा. त्यानंतर ती पिण्यास अयोग्य होत नाही, नुसती सपक, पुठ्ठ्यासारख्या चवीची होते.

खरेदीचे माप या सहा आठवड्यांवरून ठरवणे सर्वांत शहाणपणाचे. सपाट भरलेल्या लहान चमच्यात दोन ग्रॅमच्या आसपास कॉफी मावते. रोज दोन कप होणाऱ्या घरात 50 ग्रॅमची बरणी सुमारे बारा दिवसांत, 100 ग्रॅमची पंचवीस दिवसांत आणि 200 ग्रॅमची पन्नास दिवसांत संपते, म्हणजे या घराने पावसाळ्यात 100 ग्रॅमच्या पुढे जाऊ नये किंवा वर सांगितल्याप्रमाणे विभागणी करावी. एकटी व्यक्ती रोज एकच कप घेत असेल, तर 50 ग्रॅमही पंचवीस दिवस पुरते. ज्या घरात कॉफी केवळ उपवासाला किंवा गौरी-गणपतीत पाहुण्यांसाठी होते, तिथे बरणी आणूच नये. एका कपाच्या पुड्यांची माळ ग्रॅममागे महाग वाटली, तरी फेकून दिलेल्या अर्ध्या बरणीच्या तुलनेत ती स्वस्तच पडते.

सादळलेली कॉफी वापरावी की टाकावी, हे तिच्या अवस्थेवरून ठरवता येते. बरणी तळव्यावर आपटताच फुटणाऱ्या मऊ गुठळ्या आणि चमच्याच्या पाठीने चुरडणारी कडक ढेकळे पिण्यास सुरक्षित असतात, कारण एवढ्या ओलाव्यात बुरशी वाढू शकत नाही; त्यांचा गरम पाण्यात विरघळण्याचा वेळ तेवढा वाढतो. साखरेबरोबर थोड्या पाण्यात फेटून करायच्या कॉफीला अशी ढेकळे चुरून चांगली चालतात. तळाशी दगड झालेला थर सुरीने खरवडताना काच फुटण्याचा धोका असतो, म्हणून त्यात आधी कोमट आणि मग गरम पाणी थोडे-थोडे घालून तो विरघळवावा. हा अर्क शीतकपाटात झाकून ठेवला तर दोन दिवसांत संपवावा. कॉफी काकवीसारखी काळी, ओली व ताणली जाणारी झाली असेल, तर तिचा स्वाद गेलेलाच असतो आणि ती किती दिवस तशी आहे हे ठाऊक नसल्यास टाकणेच बरे. पृष्ठभागावर पांढरट, करडी किंवा हिरवट लव दिसली, अथवा बंद खोलीसारखा कुबट वास आला, तर सगळी बरणी टाकावी. वरचा भाग काढून खालचा वापरू नये, कारण काही बुरशींनी सोडलेली विषद्रव्ये खालपर्यंत उतरलेली असू शकतात आणि ती उकळण्यानेही नष्ट होत नाहीत. ढेकळे सुकवण्यासाठी बरणी उन्हात उघडी ठेवणे किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवणे व्यर्थ आहे. तापलेले चिकट दाणे आणखी घट्ट जुळतात आणि उरलासुरला सुगंध निघून जातो.

दूधपूड व साखर आधीच मिसळलेल्या तयार मिश्रणांना हे सगळे हिशेब तंतोतंत लागू होत नाहीत. त्यांतील दुधाची शर्करा ओलावा लागताच स्फटिक होऊ लागते आणि स्निग्धांश खवट होतो, त्यामुळे त्यांच्या बाबतीत गुठळीपेक्षा वासावर विश्वास ठेवावा आणि उघडल्यावर महिनाभराच्या आत संपवावे.

कधी कधी नवीन बरणी घरी आणताच, न उघडताही कॉफी दगड झालेली दिसते. अशा वेळी चमचा किंवा वाफ यांचा संबंध नसतो, तेव्हा आवरण फाडण्यापूर्वीच ते कडेला सुटले आहे का, त्याला बारीक भोक आहे का, काचेच्या तोंडाला तडा आहे का, ते प्रकाशात नीट पाहावे. आवरण अखंड असेल तर कारखान्यातील ओलावा किंवा साठवणीतील अतिरेकी उष्णता कारणीभूत असू शकते, आणि आवरण सुटलेले असेल तर वाहतुकीत किंवा दुकानात हवा शिरलेली असते. दोन्ही प्रसंगी बरणी रिकामी न करता बिलासह दुकानदाराकडे न्यावी आणि वेष्टनावरील ग्राहक-सेवा क्रमांकावर बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख व आवरणाचे छायाचित्र द्यावे. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते, आणि बुरशी किंवा भेसळीचा संशय असल्यास वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी अर्ज करावा. अर्जासोबत द्यायची बरणी झाकण चिकटपट्टीने बंद करून ठेवावी, कारण घरात आणखी चार दिवस उघडी राहिलेल्या कॉफीवरून ती मुळात कशी होती हे कोणालाच ठरवता येत नाही.